ओळखी भरपूर, पण सगळ्या एकाच गल्लीतल्या: आपलं जाळं तपासायची आणि रुंदावायची पद्धत

कोल्हापुरात ओळख नसलेला माणूस सापडणं अवघड. तालीम, मंडळ, भिशी, शाळेचा ग्रुप, पावणे-रावळे धरले तर फोनमध्ये सहज हजारभर नंबर निघतात. अडचण संख्येची नसते. नव्या माहितीसाठी फोन उचलला की तेच सात-आठ जण आठवतात आणि त्या सगळ्यांना एकमेकांनी सांगितलेलंच माहीत असतं, ही अडचण असते. नव्यानेच धंद्यात, नोकरीत किंवा स्वतंत्र व्यवसायात पडलेल्यांना हे उशिरा कळतं, कारण ओळखीची माणसं आसपास असली की सगळं ठीक चाललंय असंच वाटतं.

पुढची पद्धत कोणत्याही पेशाला लागू होते. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप चालवणारा ३४ वर्षांचा मालक. काम मुख्यतः ट्रॅक्टरच्या कास्टिंगचं मशीनिंग. ऑर्डरी मंदावल्या आहेत आणि स्टीलच्या भांडी-यंत्रांच्या भागांची, म्हणजे दूध आणि खाद्य प्रक्रियेच्या यंत्रांची दुसरी लाइन सुरू करावी असं त्याच्या मनात आहे. माणूस काल्पनिक आहे. आकडे त्याच्या वहीतले समजा.

लागणारं साहित्य

- एक आडवी वही किंवा स्प्रेडशीट
- फोनमधला कॉलचा इतिहास आणि व्हॉट्सअ‍ॅप, गेल्या तीन महिन्यांपुरतं
- दोन रंगांची पेनं
- एका सुट्टीच्या दिवसाचे दोन तास
- सध्या खरोखर अडलेला एक प्रश्न (याशिवाय पाचव्या पायरीला सगळं थांबतं)

१. आधी लक्षणं पाहा

वही उघडण्याआधी चार गोष्टी आठवून बघा. एखादी बातमी पहिल्यांदा कानावर आली की त्याच दिवशी आणखी तीन ठिकाणांहून तीच येते का? एखाद्या निर्णयाबद्दल पाच जणांना विचारलं तर पाचही जण जवळजवळ तेच शब्द वापरतात का? तुम्ही वाक्य पूर्ण करायच्या आत समोरच्याला कळतं का? आणि तुमचं काम ढिलं पडतं त्याच महिन्यात तुमच्या सगळ्या मित्रांचंही ढिलं पडतं का?

चौथं लक्षण आपल्या भागात सगळ्यात महाग पडतं. फाउंड्री, पॅटर्न, मशीनिंग, वाहतूक, टूल विकणारा हे सगळे धंदे वेगळे दिसतात, पण ते एकाच गिऱ्हाइकाच्या मागे उभे असतात. २०१९ मध्ये देशातला वाहन उद्योग मंदावला तेव्हा या साखळीतल्या सगळ्यांच्या हातातलं काम एकदमच कमी झालं. अशा वेळी उसने पैसे, काम किंवा सल्ला मागायला ज्यांच्याकडे जायचं तेही त्याच रांगेत उभे असतात.

दोन लक्षणं जुळली तरी पुढची मोजणी करा.

२. यादी करा, पण फोनबुकवरून नको

फोनबुक उघडून ‘अ’पासून सुरुवात केली की चारशे नावं होतात आणि यादीचा उपयोग संपतो. त्याऐवजी स्वतःला चार प्रश्न विचारा आणि प्रत्येकाला जी नावं आधी येतील ती लिहा.

- गेल्या तीन महिन्यांत कामाच्या एखाद्या महत्त्वाच्या निर्णयाबद्दल कोणाशी बोललो?
- मला माहीत नसलेली गोष्ट कोणी सांगितली?
- उद्या अडचण आली तर पहिला फोन कोणाला?
- कामाबाहेर, चहाला किंवा जेवायला, कोणाबरोबर बसलो?

समाजशास्त्रातल्या पाहण्यांमध्ये लोकांची जाळी मोजताना असेच प्रश्न विचारून नावं काढतात. कोणाला ओळखता असं विचारलं की माणूस मोठ्या लोकांची नावं सांगतो. कोणाशी बोललात असं विचारलं की खरी नावं येतात. २० ते २५ नावांवर थांबा. नंतर कॉलचा इतिहास उघडून पडताळा. यादीत असलेल्या पण तीन महिन्यांत एकदाही न बोललेल्या माणसाच्या नावापुढे फुली मारा. अशी दोन-चार नावं सगळ्यांच्याच यादीत निघतात, आणि ती बहुतेक प्रतिष्ठित माणसांची असतात.

३. रकाने भरा आणि मोजा

प्रत्येक नावापुढे चार रकाने: क्षेत्र, वय, राहण्याचं गाव, आणि ओळख कुठून झाली. क्षेत्र लिहिताना पदाचं नाव लिहू नका, पैसा कुठल्या उद्योगातून येतो ते लिहा. फाउंड्रीचा हिशेब बघणारा सीए पदाने वेगळा असला तरी त्याला दिसणारं जग तुमचंच आहे. वयात तुमच्यापेक्षा पाच वर्षं इकडे-तिकडे म्हणजे ‘आतला’, त्यापलीकडचा ‘बाहेरचा’. गावात कोल्हापूर, इचलकरंजी, हुपरी, जयसिंगपूर हे सगळं एकच धरा.

आता पहिल्या तीन रकान्यांचा प्रत्येकी एक आकडा काढायचा: बाहेरचे वजा आतले, भागिले एकूण. सगळे आतले असतील तर उत्तर उणे १ येतं, सगळे बाहेरचे असतील तर अधिक १.

आपल्या मशीनशॉपवाल्याच्या यादीत २२ नावं आहेत. क्षेत्रात १७ आतले, ५ बाहेरचे, म्हणजे उणे ०.५५. वयात १५ आतले, ७ बाहेरचे, म्हणजे उणे ०.३६. गावात १९ आतले, ३ बाहेरचे, म्हणजे उणे ०.७३.

वयाचा आकडा बरा दिसतो, पण तिथेच सापळा आहे. बाहेरच्या ७ जणांत ६ वडीलधारे, आणि त्यातले ४ वडिलांचे फाउंड्रीतले मित्र. गावाबाहेरच्या ३ जणांतले २ पुण्याला असले तरी त्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्गातले, आणि वाहनांच्या सुट्या भागांतच. एका रकान्यात बाहेरचा असलेला माणूस बाकी तिन्ही रकान्यांत आतलाच असेल तर त्याच्याकडून फारसं नवं येत नाही. अशा नावांभोवती दुसऱ्या रंगाने गोल करा. गोल नसलेले ‘बाहेरचे’ किती उरतात, तो खरा आकडा.

उणे किती म्हणजे वाईट, याचा ठरलेला मापदंड नाही. शिरोलीत बसणाऱ्याचा क्षेत्राचा आकडा विद्यापीठात शिकवणाऱ्यापेक्षा खाली असणारच, कारण त्याच्या भोवती माणसंच त्या धंद्यातली आहेत. तुलना स्वतःच्याच सहा महिन्यांनंतरच्या आकड्याशी करा.

जाता जाता आणखी दोन गोष्टी यादीत डोळ्यांनीच दिसतील: बायका किती, आणि आपल्या जातीबाहेरचे, पावण्यांबाहेरचे किती. उद्योगातल्या पुरुषांच्या याद्यांमध्ये पहिला आकडा बहुधा लाजिरवाणा असतो. बँकेत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत, खरेदी विभागांत बायका काम करतात हे माहीत असूनही.

४. कोण कोणाला ओळखतं, याचा तक्ता

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक गाळतात. खरं काम हीच पायरी करते.

यादीतली सगळ्यात जास्त बोलणं होणारी १० नावं घ्या. उभी आणि आडवी लिहून तक्ता करा. दहा जणांच्या ४५ जोड्या होतात. ज्या दोघांची एकमेकांशी थेट ओळख आहे त्या चौकटीत खूण करा.

आपल्या उदाहरणात ४५ पैकी ३८ खुणा होतात. म्हणजे एकाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाकीच्यांना कळते, आणि दहा माणसं मिळून फार तर दोन-तीन माणसांइतकी माहिती आणतात. न जुळलेल्या ७ जोड्या बघितल्या तर त्यातल्या ६ एकाच माणसाच्या आहेत: दूध संकलन केंद्रांच्या चिलिंग प्लांटची देखभाल करणारे ५७ वर्षांचे एक काका. बाकीच्या नऊ जणांपैकी फक्त तिघे त्यांना ओळखतात.

सगळ्यात कमी खुणा असलेला माणूस हा तुमचा दुवा. त्याचं बोलणं तुमच्या कट्ट्याबाहेर चालतं. आपण मात्र नेमकं उलट करतो. सगळ्यांना ओळखणाऱ्या, गर्दीतल्या माणसाकडे जातो, आणि तो आपल्याला पुन्हा आपल्याच लोकांकडे पाठवतो.

याला आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं की ओळखीतून नोकरी लागलेल्यांना ती बातमी बहुतेक वेळा क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. नेहमी भेटणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याचा नमुना लहान होता. पण २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगातून त्याच दिशेचं उत्तर आलं, एका दुरुस्तीसह: अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम पुसट ओळख जास्त उपयोगी पडते. त्यामुळे अनोळखी लोकांना धडाधड विनंत्या पाठवणं हा या पायरीचा अर्थ नाही.

५. एका वेळी एकच कड बदला

क्षेत्र, वय आणि गाव, तिन्ही एकदम वेगळं असलेल्या माणसाशी पहिलं बोलणं कोरडं होतं. दोघांनाही समान असं काही सापडत नाही आणि दुसरा फोन होत नाही. म्हणून दोन गोष्टी सारख्या ठेवा आणि एक बदला.

आपल्या मशीनशॉपवाल्यासाठी हे असं होतं. गाव आणि वय तेच, क्षेत्र वेगळं: कोल्हापुरातलाच, त्याच्या वयाचा, खाद्ययंत्रं बनवणारा फॅब्रिकेटर. क्षेत्र आणि गाव तेच, वय वेगळं: पॅटर्न किंवा टूलरूममधून निवृत्त झालेला सुपरवायझर, किंवा पॉलिटेक्निकमधून नुकतीच बाहेर पडलेली डिझाइन करणारी मुलगी. क्षेत्र आणि वय तेच, गाव वेगळं: पंपांच्या उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या कोइमतूरमधला किंवा राजकोटमधला मशीनशॉपवाला. तो प्रतिस्पर्धी असतो, पण त्याची गिऱ्हाइकं वेगळी, त्यामुळे तो तुमच्या शेजाऱ्यापेक्षा मोकळेपणाने बोलतो.

सहा महिन्यांसाठी तीनपैकी दोनच कडा निवडा. कुठल्या, ते अडलेला प्रश्न ठरवतो.

प्रश्न नेमका करणं इथे महत्त्वाचं. ‘स्टीलच्या कामात स्कोप आहे का?’ याला सगळे ‘आहे की’ म्हणतात. ‘दुधाला लागणाऱ्या भागाचं काम देताना तुम्ही मशीनशॉपकडे काय-काय मागता, आणि कुठल्या कारणाने माल परत करता?’ याला उत्तर मिळतं. फॅब्रिकेटर सांगेल की ३०४ किंवा ३१६ ग्रेडच्या मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट लागतं. दूध लागणाऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा साधारण ०.८ मायक्रॉनच्या आत लागतो. आणि बिडाचं काम चालतं त्याच टेबलावर, त्याच ग्राइंडिंग व्हीलने स्टील घासलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि भागावर गंजाचे ठिपके येतात. म्हणजे वेगळी जागा, वेगळी व्हील. शिरोलीतल्या सतरा जणांना विचारून ही शेवटची गोष्ट कळली नसती, कारण सतरापैकी कोणालाच हा त्रास कधी झालेला नाही. मशीन घेण्याआधी ती कळली तर शेडचा आराखडा बदलतो.

६. दुव्यामार्फत जा, आणि त्याचं काम सोपं करा

काकांना फोन करून ‘कोणी ओळखीचं असेल तर सांगा’ म्हटलं की काका ‘बघतो’ म्हणतात आणि विषय संपतो. त्यांना आठवण्याचं, पटवण्याचं आणि लिहिण्याचं, अशी तिन्ही कामं तुम्ही दिलेली असतात. त्याऐवजी समोरासमोर भेटा, कशा प्रकारचा माणूस हवा ते सांगा, आणि जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा निरोप लिहून द्या:

> नमस्कार साहेब. मी शिरोलीत मशीनिंगचं काम करतो, सध्या ट्रॅक्टरचे कास्टिंग पार्ट. दूध यंत्रांच्या स्टील पार्टचं काम सुरू करायचा विचार आहे. ऑर्डर मागायला फोन करत नाही. असा माल घेताना तुम्ही काय तपासता आणि कशावरून परत पाठवता, एवढंच २० मिनिटं समजून घ्यायचं आहे. तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा तुमच्या शेडवर येतो. काकांनी तुमचं नाव सुचवलं.

निरोप छोटा आहे, त्यात वेळ सांगितलेली आहे आणि यायचं कष्ट तुमच्याकडे आहे. ‘मार्गदर्शन करावे’ लिहू नका. सोबत कंपनीचं ब्रोशर जोडू नका. ब्रोशर दिसलं की वरचं ‘ऑर्डर मागत नाही’ खोटं ठरतं. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, तीही काकांना न मध्ये घालता.

जुनी, बंद पडलेली ओळखही दुवा ठरते. वर्गातला एखादा इंजिनिअरिंग सोडून बँकेत, शेतीमालाच्या धंद्यात किंवा बेळगावला गेलेला असतो. त्याच्याशी विश्वास आधीच आहे आणि मधल्या वर्षांत त्याचं जग बदललं आहे. पाच वर्षांनी फोन करायला संकोच वाटतो. पहिल्याच वाक्यात कामाचा विषय सांगितला तर त्याचाही संकोच जातो. आधी अर्धा तास जुन्या गप्पा आणि मग काम काढलं, तर गप्पाही खोट्या वाटतात.

७. वय ओलांडताना बोलण्याची रीत

लहानांशी पहिली चूक अरे-तुरेची होते. बावीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला पहिल्या भेटीत ‘तुम्ही’ म्हणा. ‘अगं, तुला काय वाटतं सांग’ असं विचारलं की समोरून तुम्हाला आवडेल तेच उत्तर येतं. दुसरी चूक फुकट कामाची. डिझाइन करून बघ, वेबसाइट टाकून दे, असं सांगून ओळख वाढवता येत नाही. काम असेल तर पैसे द्या, आणि माहिती विचारायची असेल तर फक्त माहिती विचारा.

मोठ्यांकडे उलट. ‘काका, तुमचा अनुभव सांगा’ म्हटलं की आठवणींचा ओघ सुरू होतो आणि हाती काही लागत नाही. घटना धरून विचारा: शेवटच्या मोठ्या मंदीत कोणत्या शॉप टिकल्या, त्यांच्याकडे किती गिऱ्हाइकं होती, उधारी कशी वसूल केली. आणि त्यांचं उत्तर त्यांच्यासमोर वहीत लिहा. पुढच्या वेळी ते स्वतःहून आणखी सांगतात.

बाहेरगावी बोलताना आपलं ‘काय भावा’ थोडं आवरावं लागतं, हे सांगितलेलं बरं. आपल्याला ती आपुलकी वाटते. पुण्यातल्या खरेदी अधिकाऱ्याला नेहमीच वाटेल असं नाही.

८. गाव ओलांडणं: प्रदर्शनातला सापळा

बेंगळुरूला मशीन टूलचं इमटेक्स भरतं तेव्हा कोल्हापूरहून गाड्या भरून लोक जातात. एकत्र निघतात, एकत्र फिरतात, एकत्र जेवतात, आणि परत येताना त्यांच्या यादीत नवं नाव एकही नसतं, फक्त पिशवीत कॅटलॉग असतात. मित्रांबरोबर जायला हरकत नाही. पण दुपारनंतरचे तीन तास एकटे फिरा आणि संध्याकाळच्या दोन भेटी घरून निघण्याआधीच ठरवून ठेवा.

पुणं कोल्हापूरपासून साधारण २३० किलोमीटर. कामासाठी जाणं होतंच. गिऱ्हाइकाच्या भेटीला लागून आणखी एक भेट ठेवा, त्या गिऱ्हाइकाशी संबंध नसलेल्या माणसाची. एकच. तीन ठेवल्या की वाहतुकीत अडकून तिन्हींना उशीर होतो.

९. परत कळवा

नव्या ओळखी मरतात त्या इथे. माणसाने अर्धा तास दिला, तुम्ही आभार मानले, आणि पुढचा निरोप थेट दिवाळीचा. सल्ल्याचं काय केलं ते दोन आठवड्यांत कळवा: ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे स्टीलसाठी वेगळं टेबल केलं, पहिला नमुना असा आला’, सोबत एक फोटो. ज्याने ओळख करून दिली त्यालाही दोन ओळी. काकांना आपला शब्द वाया गेला नाही हे दिसलं की पुढचं नाव ते न मागता देतात.

यानंतर दर तीन महिन्यांनी एकदा पुरे. वहीत प्रत्येक नव्या नावापुढे तीनच गोष्टी ठेवा: शेवटचं बोलणं कधी, त्यांना कशाची गरज होती, आपल्याकडून काय जाणं बाकी आहे. नुसते सुप्रभातचे फोटो पाठवू नका. त्याने नाव लक्षात राहत नाही, म्यूट होतं. एकाच वेळी आठ-दहांपेक्षा जास्त नवी नावं सांभाळता येत नाहीत. त्याहून जास्त जमवली तर तिसऱ्या पायरीचा आकडा छान दिसतो आणि फोन कोणीच उचलत नाही.

जुन्या कट्ट्यावरचा वेळ मात्र कापू नका. तारण न मागता पैसे देणारी, रात्री दवाखान्यात येणारी माणसं तिथलीच असतात. नवी ओळख ते काम करत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवली तर ती तुटते.

१०. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा

जुनी यादी न बघता दुसऱ्या पायरीचे चारही प्रश्न पुन्हा विचारा. समजा, आपल्या मशीनशॉपवाल्याच्या यादीत आता २३ नावं आली, क्षेत्रात १५ आतले आणि ८ बाहेरचे. आकडा उणे ०.५५ वरून उणे ०.३० वर आला. गावात फारसा फरक नाही. सहा महिन्यांसाठी हे चांगलं आहे. शून्यावर यायची घाई नको.

आकड्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त सांगतात: मला माहीत नसलेली गोष्ट कोणी सांगितली? तिथे नव्या नावांपैकी निदान दोन आली पाहिजेत. ती आली नाहीत आणि तरीही आकडा सुधारला असेल, तर तुम्ही माणसं जमवली पण त्यांना प्रश्न विचारले नाहीत. मग नवी नावं शोधू नका, पाचव्या पायरीवर परत जा आणि प्रश्न पुन्हा लिहा. आणि चौथ्या पायरीतला तक्ताही पुन्हा काढा. नव्या माणसांना तुम्ही आपल्याच भिशीत, आपल्याच ग्रुपमध्ये ओढून घेतलं असेल तर वर्षभरात त्याही चौकटी खुणांनी भरतात. त्यांना एखाद-दुसऱ्या कामाच्या माणसाशी जरूर जोडून द्या, पण सगळ्यांना एका ग्रुपमध्ये टाकू नका.